दोन टिपणं, एक इतिवृत्त आणि माझे साडेसतरा हजार

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत उरकली, कमिटीचा जीव भांड्यात पडला. आता तुमच्यासमोर दोन टिपणं आहेत. एक बी-विंगच्या काकांनी शंभरपानी वहीत उतरवलेलं, दुसरं नव्या कमिटी मेंबर ताईंनी मोबाइलवर टाइप केलेलं. दोन्ही मिळून एक इतिवृत्त करायचंय. घाबरू नका. आमच्या कोथरूडच्या सोसायटीने नुकताच आदर्श घालून दिलाय, तोच गिरवा.

आधी दोन्ही टिपणं एकाखाली एक चिकटवा. विषयपत्रिका पुढ्यात घेऊन एकेका विषयावर दोघांनी काय लिहिलंय ते शेजारी-शेजारी मांडणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची चर्चा विषय 4 मध्ये सुरू झाली, म्हणून काकांनी ती तिथे लिहिली. मधे चहा-खारी झाली, गाडी पुन्हा गच्चीवर आली आणि ठराव तेव्हा झाला, म्हणून ताईंनी ती 'ऐनवेळचे विषय' खाली लिहिली. तुम्ही दोन्ही ठेवा. एका गच्चीला दोन ठराव कसे भारदस्त दिसतात!

माणसं ओळखायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका. काका पदाने लिहितात, ताई फ्लॅट नंबरने. त्यामुळे आमच्या इतिवृत्तात 'सूचक: सेक्रेटरी, अनुमोदक: बी-304' असं छापून आलंय. सेक्रेटरी राहतात कुठे? बी-304 मध्ये. स्वतःच मांडलं, स्वतःच अनुमोदन दिलं.

मतं मोजली असतील तर दोघांचीही लिहून टाका. काकांनी लिहिलं बाजूने 31, विरोधात 7. ताईंनी लिहिलं 31, विरोधात 5, तटस्थ 2. तटस्थांना काकांनी विरोधकांत ढकललं, एवढाच फरक. आमच्याकडे सगळं छापलं: 31, 7, 5, 2. बेरीज 45. हजेरीवहीत सह्या 38. सात जण बहुधा गच्चीवरून मतदान करत असावेत.

एकाने लिहिलं आणि दुसऱ्याने नाही, तर ते घडलंच नाही असं समजा. कंत्राटदाराने सात वर्षांची हमी कबूल केली, हे फक्त काकांच्या वहीत होतं. ताई तेव्हा चहाचे कप मोजत होत्या. ते गाळलं. आता गळती लागली की बसा शोधत हमी कुठेय ते.

मुदतीचंही तेच. काकांकडे 'दिवाळीनंतर', ताईंकडे '31 मे पूर्वी'. एक काम सुरू करायची तारीख, दुसरी संपवायची. मुळात भांडण कुठेच नाही. तरी 'मतभेद' दिसला म्हणून दोन्ही उडवून 'मुदतीबाबत चर्चा झाली' असं लिहिलं.

आता आकडे. इथे मात्र खास कौशल्य लागतं. काकांचा आकडा 8.40 लाख, ताईंचा 9.91 लाख. एखाद्या सामान्य माणसाला वाटलं असतं, दोन आकडे का बरं? त्याने फाइल उघडली असती, कोटेशन काढलं असतं आणि त्याला दिसलं असतं की मूळ रक्कम 8,40,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,51,200, एकूण 9,91,200. काकांनी करापूर्वीचा आकडा लिहिला, ताईंनी करासकटचा. काम एकच! दोघंही बरोबर! पण फाइल उघडायची कुणी? ती ऑफिसच्या कपाटात, कपाटाची किल्ली वॉचमनकडे, वॉचमन खालीच बसलेला. दहा पावलं. तेवढीसुद्धा चालवली नाहीत. दोन ठराव आहेत ना, मग दोन्हींची बेरीज: 18,31,200. भागिले 48 फ्लॅट. प्रत्येकी 38,150 रुपयांची नोटीस, पंधरा दिवसांत भरा, नाहीतर व्याज. खरी वर्गणी 20,650. मी आधी भरले आणि मग इतिवृत्त वाचलं, हा माझा मूर्खपणा.

जिथे ताळमेळ बसतच नाही, तिथे ज्याचं अक्षर सुंदर त्याचं खरं धरा.

आणि हे सगळं सभेनंतर तीन आठवड्यांनी करा, म्हणजे विचारायला गेलं तर काका म्हणतील 'आठवत नाही' आणि ताई म्हणतील 'मी लिहिलंय ना'.

बास झालं. अहो, ज्यांनी हे केलंय त्यांना सरळ सांगतो. दुसऱ्याच दिवशी काका-ताईंना एका टेबलाशी बसवायचं होतं. एकेक ठराव घेऊन रक्कम, मतं, सूचक-अनुमोदक, मुदत एवढंच ताडून बघायचं होतं. जुळलं तर एकदाच लिहायचं. एकाकडेच असेल तर दुसऱ्याला विचारून ठेवायचं. जुळलं नाही तर रकमेला कोटेशन बघायचं, मतांना हजेरीवही, आणि तरीही अडलं तर अध्यक्षांना फोन. तोवर त्या ओळीपुढे 'खात्री करायची' असं लिहून ठेवायला कुणी बंदी केली होती? तासाभराचं काम होतं. ते टाळलंत आणि 48 घरांना जास्तीचं बिल पाठवलंत.

वर मी सेक्रेटरींना विचारलं तर म्हणतात, "इतिवृत्त पुढच्या सभेत कायम करताना दुरुस्ती मांडा." म्हणजे पुढच्या सप्टेंबरात. चूक तुमची, आणि ठराव मी मांडू? मांडतो. अनुमोदनाला बी-304 आहेतच. पण आधी माझे 17,500 परत करा.