जाहीर करून वाढवलेला पैसा उत्पादन वाढवत नाही

«मध्यवर्ती बँकेने दरवर्षी १० टक्के जास्त पैसा आणावा आणि तसं आधीच जाहीर करावं. लोकांना खात्री वाटेल, खरेदी वाढेल, कारखाने जास्त माल काढतील, बेकारी हटेल. मंदी दिसली की आणखी दोन टक्के, असा नियमच करून टाकावा. अमेरिकेने १९६० च्या दशकात हेच करून दाखवलं. ‘लोक आधीच सगळं ओळखतात’ हे पुस्तकी थोतांड आहे, सामान्य माणूस काही अर्थशास्त्र शिकलेला नसतो. आणि महागाई फार वाटली तर थांबवता येतंच की!»

हा मजकूर मला धाकट्या बहिणीने पाठवला. खाली तिचा प्रश्न : «दादा, इतकं सोपं असेल तर करत का नाहीत?» ती हिशोबाला पक्की आहे. तिलाही हे पटलं म्हटल्यावर गप्प बसवेना.

मुळात ‘जाहीर करावं’ या दोन शब्दांतच सगळं ओमफस होतं. वाढलेला पैसा उत्पादन वाढवू शकतो, अगदी खरं. पण तो ज्या वाटेने वाढवतो ती वाट लोकांना माहिती नसण्यातून जाते, आणि ही योजना नेमकी तीच वाट आधी बंद करते.

खुर्च्या बनवणारा एक कारखानदार घ्या. त्याला रोज दिसतो तो फक्त खुर्चीचा भाव. बाकी हजार वस्तूंचे भाव त्याच्यापर्यंत उशिरा आणि तुकड्या-तुकड्यांनी पोहोचतात. एके दिवशी खुर्चीला ५ टक्के जास्त भाव मिळू लागतो. याचे दोन अर्थ निघतात. एक, लोकांना खुर्च्या जास्त हव्या आहेत. तसं असेल तर जादा माणसं लावून माल काढणं फायद्याचं. दोन, सगळ्याच वस्तू ५ टक्के महागल्या आहेत. मग उद्या लाकूडही तेवढंच महागणार, मजुरीही, आणि जास्त काम करून हाती काही उरणार नाही. दोन्हींपैकी कोणतं, हे त्याला भाव बघून कळत नाही. म्हणून तो थोडं हे, थोडं ते असं धरतो आणि उत्पादन थोडं वाढवतो. पैसा गुपचूप वाढला की असे लाखो कारखानदार आणि कामगार एकाच वेळी फसतात. आकडेवारीत त्याला तेजी म्हणतात.

आता तीच वाढ आधी जाहीर करा. खुर्चीवाल्याला कळलं की एकूण खर्च १० टक्क्यांनी वाढणार आहे. भाव १० टक्के चढलेला दिसला तर त्याला कोडंच पडत नाही : हा पैशाचा परिणाम, खुर्चीचा नव्हे. लाकूडवाल्यानेही हेच ऐकलंय, मजुरी ठरवायला बसलेल्यांनीही. सगळ्यांनी आपापला आकडा १० टक्क्यांनी वर नेला की खुर्ची आणि लाकूड यांच्यातलं, भाव आणि मजुरी यांच्यातलं नातं जसंच्या तसं राहतं. जास्त माल काढायला कारणच उरत नाही. हा त्या मजकुरातल्या ‘खात्री’चा परिणाम. लोकांना खात्री वाटते ती महागाईची.

बहिणीसाठी मी आकडे मांडले, तेच इथे देतो. ढोबळ आहेत, चक्रवाढ सोडून दिली आहे. दोन गोष्टी धरू. पैसा जितके टक्के वाढतो तितकाच एकूण खर्च वाढतो, आणि तो किंमत व उत्पादन यांच्यात विभागला जातो. दुसरी, किंमत लोकांच्या अपेक्षेपेक्षा जितके टक्के जास्त निघेल तितके टक्के उत्पादन नेहमीच्या पातळीच्या वर जातं.

पहिल्या वर्षी पैसा १० टक्के वाढला, पण कुणालाच कल्पना नव्हती. किमती ५ टक्के चढतात, उत्पादन ५ टक्के वर जातं. छान वाटतं. दुसऱ्या वर्षी पुन्हा १० टक्के, पण आता लोकांना डाव कळलाय. सुरुवातीपासून मोजलं तर पैसा २० टक्के वर आहे, आणि सगळे किमतीही २० टक्के वर जाणार असंच धरून चालतात. तशा त्या जातात. म्हणजे एकाच वर्षात किमती ५ वरून २० वर, १५ टक्के महागाई, आणि उत्पादन मुकाट्याने पूर्वीच्या पातळीवर. पैसा १० टक्केच वाढला होता, तरी महागाई १५, कारण पहिल्या वर्षीची बाकी वसूल झाली. तिसऱ्या वर्षापासून १० टक्के पैसा, १० टक्के महागाई, उत्पादनात शून्य. आणि ज्यांना योजना आधीच जाहीर करायची आहे त्यांच्या वाट्याला ती पहिल्या वर्षीची ५ टक्के चैनही येत नाही. त्यांचं पहिलं वर्षच थेट तिसऱ्यासारखं असतं.

‘मंदी दिसली की दोन टक्के’ या नियमाचंही तेच. थॉमस सार्जंट आणि नील वॉलेस या अर्थशास्त्रज्ञांनी १९७५-७६ च्या सुमारास हेच दाखवलं. नियम कितीही हुशारीने बांधलेला असो, तो लोकांना माहीत असेल तर ते तो आपल्या अंदाजात धरतात आणि उत्पादनाच्या समीकरणातून तो गळून पडतो. मागे उरतो फक्त पैशातला अनपेक्षित भाग. आणि अनपेक्षित भागाचा नियम करता येत नाही, नियम केला की तो अपेक्षित झालाच.

‘सामान्य माणूस अर्थशास्त्र शिकलेला नसतो’ यावर फार शाई खर्च करत नाही. विवेकी अपेक्षांचा सिद्धांत, जो जॉन म्यूथने १९६१ मध्ये मांडला, प्रत्येकाला सगळं कळतं असं म्हणतच नाही. लोक चुकतात, पण दरवर्षी एकाच दिशेने चुकत राहत नाहीत, एवढंच त्याचं म्हणणं. सलग तीन वर्षं महागाई कमी धरून ज्याने पगार ठरवला, तो चौथ्या वर्षी आकडा वाढवून मागतो. त्याला पदवी लागत नाही.

आता अमेरिका. १९६० च्या दशकात बेकारी उतरली आणि १९६९ मध्ये ३.५ टक्क्यांवर आली, हे खरं. महागाई त्याच काळात एक-सव्वा टक्क्यावरून साडेपाचच्या आसपास गेली, हे मजकुरात नाही. त्याहून सोयीस्करपणे, गोष्ट १९६९ लाच संपवली आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत महागाई ९ टक्क्यांच्या वर होती आणि बेकारी साडेआठ टक्के. जास्त महागाई देऊन कमी बेकारी मिळते या सौद्याची दोन्ही टोकं एकदमच बिघडली. तेलाच्या भावाचा त्यात मोठा हात होता, तेवढं कबूल. पण तेलाचा भडका उडण्याआधीच, १९६७ च्या डिसेंबरमध्ये मिल्टन फ्रीडमनने सांगून ठेवलं होतं की हा सौदा लोकांच्या अपेक्षा बदलेपर्यंतच टिकतो.

एक देश, एक दशक उचलून काहीही सिद्ध करता येतं, असं कुणी म्हणेल. म्हणून रॉबर्ट लुकास यांचा १९७३ चा अभ्यास बघा. त्यांनी १८ देश घेतले आणि विचारलं : एकूण खर्च वाढला की त्यातला किती भाग उत्पादनात जातो आणि किती किमतीत? अमेरिकेसारख्या स्थिर किमतींच्या देशात सुरुवातीला बराचसा उत्पादनात जात होता. अर्जेंटिनात, जिथे खर्च आणि किमती सतत उसळत होत्या, जवळजवळ सगळा किमतीत, उत्पादनावर दिसण्याजोगा परिणामच नाही. खुर्चीवाला आठवा. ज्या देशात भाव हलला म्हणजे बहुधा त्या वस्तूचीच मागणी हलली असा अनुभव आहे, तिथे तो फसतो. ज्या देशात भाव हलला म्हणजे पुन्हा पैसा ओतला असा अनुभव आहे, तिथे तो फक्त खुर्चीचा भाव बदलतो आणि माल पूर्वीइतकाच काढतो. याचा अर्थ, अमेरिकेत दिसलेला परिणाम हा औषधाचा गुण नव्हता, ते औषध क्वचित वापरल्याचा होता. मजकूरवाल्याला ते दरवर्षी द्यायचं आहे.

एक अर्धसत्य मात्र मान्य करावं लागतं, नाइलाजाने. जाहीर झालेला पैसा उत्पादनाला कधीच, काडीचाही हात लावत नाही, हे टोकाचं विधान टिकत नाही. स्टॅन्ली फिशर यांनी १९७७ मध्ये साधी अडचण दाखवली : मजुरीचे करार दोन-तीन वर्षांचे असतात. करार झाल्यावर बँकेने पैसा वाढवला तर कामगाराला ते कळूनही उपयोग नाही, त्याचे हात बांधलेले. तेवढ्या काळात भाव चढतो, मजुरी जागेवर राहते आणि मालकाला माणसं वाढवणं परवडतं. रॉबर्ट बॅरो यांना अमेरिकेच्या आकड्यांत फक्त अनपेक्षित पैसा बेकारी हलवताना दिसला, तर फ्रेडरिक मिश्किन यांना १९८२ मध्ये अपेक्षित पैशाचाही परिणाम दिसला. तेव्हा थोडा काळ, थोडा परिणाम, ठीक. पण यातून दरवर्षीची जाहीर १० टक्के वाढ सुटत नाही. ती कायमची आहे म्हटल्यावर पुढच्या करारात पहिल्याच ओळीत १० टक्के लिहिले जातात.

राहिलं ते ‘थांबवता येतंच की’, आणि सगळ्यात घातक हेच. आपल्याच आकड्यांत चौथं वर्ष घाला. पैसा, किमती, दोन्ही ३० टक्के वर आहेत. लोक सवयीने ४० धरून बसलेत, आणि बँक अचानक पैसा वाढवणं बंद करते. खर्च ३० वरच अडतो. किमती तरीही ३५ पर्यंत जातात, आणि उत्पादन नेहमीपेक्षा ५ टक्के खाली. महागाई चालूच आणि वर मंदी. तेजी एक वर्ष, तीही गुपचूप केली तरच. तिचं बिल मात्र थांबताना पूर्ण येतं.

थांबणंही जाहीर केलं तर? सिद्धांत म्हणतो, लोकांनी विश्वास ठेवला तर मंदीशिवाय थांबता येईल. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी ऑक्टोबर १९७९ मध्ये पैशाची वाढ आवळण्याचं जाहीर केलं. महागाई १९८० मध्ये साडेतेरा टक्के होती, १९८३ पर्यंत ती ३ टक्क्यांच्या थोडी वर आली. पण १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर पोहोचली होती. काही दोष जुन्या करारांचा, आणि काही याचा की आधीच्या दहा-पंधरा वर्षांत ‘आता आवळतो’ हे लोकांनी अनेकदा ऐकलं होतं आणि दर वेळी पैसा पुन्हा सैल झालेला पाहिला होता. व्होल्करांचं बोलणंही त्यांनी तसंच धरलं.