घाणा, घाण आणि फेरी क्रमांक सहा

आज सकाळी साडेनऊला व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. A4 कागद, त्यावर मी काल क्लायंटला पाठवलेला मेल छापलेला, आणि त्या छापील मेलवर लाल पेनाने केलेले गोल. 'आत्तापर्यंत'मधला अर्धा त खोडलेला. 'मंजुर' या शब्दावर दीर्घ ऊकार चढवून समासात बारीक अक्षरात टीप: 'मंजूर दीर्घ, मंजुरी ऱ्हस्व.' खाली सही नाही, गुण नाहीत, एवढीच मेहेरबानी.

मेल शुद्धलेखनाचा नव्हता. स्क्रिप्टमध्ये बदल किती वेळा करायचे, कुठे थांबायचं आणि त्यापुढे पैसे किती, याचा होता. तो लिहायला मला अडीच तास लागले होते.

काम साधं आहे. लातूरकडच्या एका लाकडी घाण्याच्या तेलाचा 90 सेकंदांचा ॲनिमेटेड व्हिडिओ. निवेदनाच्या आवाजात मराठी साधारण सेकंदाला दोन शब्द नीट ऐकू येतं. आपले शब्द लांब असतात, 'घाण्यातल्यासारखं' हा एकच शब्द धरला जातो. म्हणून 90 सेकंदांना 180 शब्द. कोटेशनमध्ये बदलांच्या दोन फेऱ्या होत्या. झाल्या पाच. पाचवीनंतर 12 तारखेला क्लायंटने, म्हणजे घाण्यावाल्या दादांनी, 'फायनल 👍' पाठवलं, 14 तारखेला स्टुडिओत आवाज रेकॉर्ड झाला, 178 शब्द, 88 सेकंद. सुंदर. मग 17 तारखेला व्हिडिओ कॉलवर दादांच्या शेजारी मामा येऊन बसले.

मामा म्हणजे दादांचे सख्खे मामा, निवृत्त मराठीचे शिक्षक. स्क्रिप्टचं प्रिंटआउट मांडीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"बाळ," मामा म्हणाले, "पहिल्याच ओळीत 'घाण' आहे."

"घाणा आहे मामा. लाकडी घाणा."

"ते तुला नि मला कळतं. ऐकणाऱ्याला आधी काय ऐकू येतं? घाण. मग आ. तेलाच्या जाहिरातीत घाण कशाला?"

मी म्हटलं, दुकानाच्या पाटीवर घाणा आहे, बाटलीच्या लेबलवर घाणा आहे. मामा म्हणाले, "तिथे लिहिलंय. लिहिलेलं माणूस पूर्ण वाचतो." या वाक्यावर मी आजही विचार करते आहे.

मग त्यांनी पर्याय सुचवले. 'तैलयंत्र'. 'काष्ठचक्र'. 'पारंपरिक लाकडी साधन'. दादा मध्ये म्हणाले, "मामा, काष्ठचक्र म्हणजे अंत्यविधीचं वाटतंय." मामा गप्प झाले, पण दोन मिनिटंच. तेवढ्यात त्यांनी स्क्रिप्टमधले ऱ्हस्व-दीर्घ तपासले. ही स्क्रिप्ट कोणी वाचणार नाही, ती फक्त ऐकायची आहे, असं मी सांगितलं. "मग तर आणखी काळजी घ्यायला हवी," मामा म्हणाले. "चुकीचं लिहिलेलं ती बाई चुकीचं म्हणेल." निवेदिका गेली कित्येक वर्षं हेच काम करते, आणि आवाज तर झालासुद्धा. "झाला म्हणजे काय? पुन्हा म्हणू दे. तोंडानेच तर म्हणायचंय."

शेवटी त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. शेंगदाणा, करडई आणि मातृभूमी यांवर स्वतः रचलेल्या आठ ओळी, घाण्याच्या इतिहासाचा एक परिच्छेद, आणि 'या तेलाने हृदयविकार बरा होतो' हे वाक्य. कविता मी सहन केली. शेवटच्या वाक्याला मात्र तिथेच नाही म्हटलं, कारण खाद्यपदार्थ आजार बरा करतो असा दावा जाहिरातीत करता येत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या जाहिरात व दावे नियमांत त्याला सरळ मनाई आहे. मामा म्हणाले, "मग 'बरं वाटतं' लिही."

कॉल संपताना दादा म्हणाले, "ताई, फक्त दोन ओळींचा बदल आहे."

'फक्त' या शब्दावर कर लावायला हवा. बदल घालून मोजलं तर 178 चे 263 शब्द झाले, म्हणजे दोन मिनिटं अकरा सेकंद. दादांचं उत्तर: "तिला जरा फास्ट बोलायला सांगा."

आता एक शब्द बदलायला काय जातं ते सांगते, कारण हे क्लायंटला दिसत नाही आणि आपण सांगत नाही. 'घाणा' स्क्रिप्टमध्ये पाच वेळा आहे. ते पाच शब्दच पुन्हा रेकॉर्ड करून चिकटवता येत नाहीत. आठवड्याने तोच माणूस त्याच माइकसमोर उभा राहिला तरी अंतर चार बोटं बदलतं, घसा वेगळा असतो, आणि जोडलेला शब्द वाक्यात ठिगळासारखा ऐकू येतो. म्हणून निदान अख्खा परिच्छेद घ्यावा लागतो, आणि पाच ठिकाणी असेल तर सगळंच. पुढे ॲनिमेशन. प्रत्येक दृश्य आवाजावर बसवलेलं असतं. 'थेंब' म्हटल्यावर थेंब पडतो. तिसऱ्या दृश्यात सेकंदभर वाढला की चौथ्यापासून अकराव्यापर्यंत सगळं सरकतं. मग सबटायटल, मग संगीताचा शेवट. 'तोंडानेच तर म्हणायचंय'चा हा हिशोब.

त्या रात्री मी पहिला मसुदा लिहिला. त्यात 'मानसिक त्रास' दोनदा आणि 'मामा' सात वेळा होतं. अशी चिठ्ठी लिहावी जरूर, पण मोबाइलच्या नोट्समध्ये. मेलच्या खिडकीत लिहिली की बोट कुठे पडेल सांगता येत नाही. दुसऱ्या मसुद्यात मी इतकी नम्र होते की तिसऱ्या परिच्छेदात मीच माफी मागत होते. 'सॉरी, पण', 'खरं तर', 'तुम्हाला वाटत असेल तर', 'चालेल ना?' हे सगळं काढलं. 'चालेल ना?' विचारलं की समोरचा 'नाही' म्हणायला मोकळा. दोन मार्ग ठेवले की तो निवडायला लागतो.

मामांचं नावही काढलं. घरातल्या माणसावर बोट ठेवलं की दादांना मामांची बाजू घ्यावीच लागते, आणि मग भांडण स्क्रिप्टचं राहत नाही. पैशांचा उल्लेख तारखा आणि शब्दसंख्येनंतर आणला. आकडा आधी आला की माणूस पुढचं वाचत नाही, सरळ फोन लावतो.

आणि झालेल्या तीन जादा फेऱ्या सोडून दिल्या. मनातून नाही सोडल्या. पण पाच फेऱ्या निमूटपणे केल्यावर सहाव्या वेळी मागची वसुली मागितली, तर 'तेव्हा का नाही बोललात?' हा प्रश्न रास्तच आहे. म्हणून माफ करायच्या, पण दाखवून. बिलात एक ओळ: जादा फेऱ्या 3, दर 2,500, एकूण 7,500, सवलत 7,500. बेरीज शून्य, पण शून्याला वजन येतं.

मेल असा होता (मामांच्या दुरुस्त्यांसह):

'नमस्कार दादा,

17 तारखेच्या सूचना मिळाल्या. पुढे जाण्याआधी आपण कुठे आहोत ते लिहून ठेवते. कोटेशनमध्ये 90 सेकंदांचा व्हिडिओ, सुमारे 180 शब्द आणि बदलांच्या दोन फेऱ्या ठरल्या होत्या. आतापर्यंत पाच झाल्या. 12 तारखेला तुम्ही मंजूर केलेल्या स्क्रिप्टवर 14 तारखेला आवाज रेकॉर्ड झाला. नव्या सूचना घेतल्या तर स्क्रिप्ट 263 शब्दांची आणि व्हिडिओ सुमारे 2 मिनिटे 11 सेकंदांचा होतो.

आधीच्या तीन जादा फेऱ्यांचे पैसे मी लावत नाही. इथून हिशोब नव्याने सुरू करू. दोन मार्ग आहेत.

पहिला: मंजूर स्क्रिप्ट तशीच ठेवायची. खर्च वाढत नाही, व्हिडिओ 28 तारखेला मिळेल.

दुसरा: नवी स्क्रिप्ट. जादा खर्च 18,800 रुपये: लेखन 2,500, पुन्हा रेकॉर्डिंग 4,000, वाढीव 41 सेकंदांचं ॲनिमेशन 12,300. होकार आल्यापासून 15 दिवस. यात बदलांची 1 फेरी धरली आहे, त्यापुढे दर फेरीला 2,500.

फेरी म्हणजे एकाच व्यक्तीने, एकाच गूगल डॉकमध्ये, एकदम दिलेल्या सगळ्या सूचना. माझ्याकडून राहिलेली चूक फेरीत धरत नाही.

कोणता मार्ग घ्यायचा ते शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा. तोपर्यंत ॲनिमेशन थांबवते आहे. उत्तराला जितके दिवस जास्त लागतील, तितकी तारीख पुढे जाईल.'

यातली फेरीची व्याख्या मूळ कोटेशनमध्ये हवी होती. तिथे मी नुसतं 'दोन फेऱ्या' लिहिलं होतं, आणि दादांच्या मते सात मिनिटांचा व्हॉइस नोट, त्यानंतर 'अजून एक आठवलं' असे चार, आणि रात्री वहिनींचा एक, हे मिळून 'एकच चर्चा' होती. हा दोष माझा. अर्ध्यावर नवी अट घालून 'उत्तर आलं नाही तर मंजूर समजू' असं लिहायचा मोहही झाला होता. तो आवरला, कारण आधी न ठरलेली अट मी एकटीने लादू शकत नाही. काम थांबवणं आणि तारीख सरकवणं एवढंच माझ्या हातात आहे, आणि तेवढं पुरतं.

पुरतं म्हणजे, पोट भरत नाही. 50 टक्के आगाऊ रक्कम स्टुडिओ, निवेदिका आणि ॲनिमेशन करणाऱ्या मुलाला केव्हाच गेली. उरलेले 50 टक्के मामांच्या खिशात घडी घालून आहेत. या तीन आठवड्यांत दुसरं एक काम मी 'वेळ नाही' म्हणून सोडलं, ते कोणत्या बिलात लिहू? घाण्यावाल्या दादांकडे कोणी सहा वेळा बाटली परत आणून 'आता करडईचं करून द्या, त्याच पैशात' म्हटलं, तर ते काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. त्यांनी ते मला फोनवर एकदा ऐकवलंय, दुसऱ्या एका गिऱ्हाइकाबद्दल, आणि त्यात घाण होती, घाणा नव्हता.

तर, आजचा फोटो. लाल गोल मोजत खाली आले तेव्हा दिसलं की शुद्धलेखनाशिवाय आणखी एक दुरुस्ती आहे. दुसऱ्या मार्गाला टिक केलेली होती. आणि 'बदलांची 1 फेरी' इथला 1 खोडून, सुबक अक्षरात 3.

मी दादांना उत्तर पाठवलं: 'दुसरा मार्ग निवडल्याबद्दल आभार. 1 फेरीचाच राहील. 18,800 पैकी निम्मे जमा झाले की स्टुडिओची वेळ घेते. मंजूर दीर्घ केला आहे.'

दोन निळ्या टिक आल्या. मग 'मामा टाइप करत आहेत' असं दिसायची सोय व्हॉट्सॲपमध्ये नाही, पण दादा टाइप करायला लागले, थांबले, पुन्हा लागले, आणि सात मिनिटांचा व्हॉइस नोट आला.