छेदात ln n आला म्हणून श्रेणी अभिसारी होत नाही

दावा: "1/n ची बेरीज अनंताकडे जाते, मान्य. पण छेदात ln n आला की पदं आणखी लहान होतात, म्हणून Σ 1/(n ln n) अभिसारी आहे. संगणकावर दहा लाख पदं मिळवली तरी बेरीज जेमतेम 3.42 भरते. कॉशीची कंडेन्सेशन टेस्ट तर फक्त 2, 4, 8, 16 वी पदं बघते. मधली सगळी सोडून निकाल कसा लागेल?"

शेवटचा आक्षेप आधी घेतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. मधली पदं कोणी सोडत नाही. पदं घटती असल्यामुळे 5 ते 8 या चार पदांतलं प्रत्येक पद निदान आठव्या पदाएवढं, म्हणजे 1/(8 ln 8) तरी असतंच. चौघांची बेरीज किमान 4/(8 ln 8) = 1/(6 ln 2), म्हणजे सुमारे 0.24. पुढे 9 ते 16 या आठ पदांची बेरीज किमान 1/(8 ln 2), सुमारे 0.18. त्यापुढच्या सोळांची किमान 1/(10 ln 2). गटातल्या पदांची संख्या दरवेळी दुप्पट होते आणि छेदातला n ही दुप्पट होतो, त्यामुळे दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. ln(2^k) मधून फक्त k ln 2 उरतो. म्हणजे हाती राहिली 1/k ची श्रेणी, आणि ती अपसारी आहे हे दावा करणाऱ्यालाही मान्य आहे.

"1/n पेक्षा लहान" यातून काहीच निघत नाही. 1/(2n) सुद्धा लहानच आहे की! अभिसारी ठरवायचं तर एखाद्या अभिसारी श्रेणीपेक्षा लहान असल्याचं दाखवावं लागतं. 1/n^1.01 अभिसारी आहे, पण ती इथे कामाची नाही, कारण n पुरेसा मोठा झाला की ln n हा n^0.01 च्याही मागे पडतो.

राहिला संगणक. आकडा बरोबर आहे, अर्थ चुकीचा. N पदांपर्यंतची बेरीज साधारण ln ln N + 0.795 एवढी असते. ती 10 च्या पुढे न्यायची तर N सुमारे 4,300 अंकी लागेल. कोणतंही यंत्र तिथवर एकेक पद मिळवत जाणार नाही. उलट Σ 1/(n (ln n)²) खरोखर अभिसारी आहे: तीच युक्ती लावली की 1/k² ची श्रेणी मिळते. तिची बेरीज सुमारे 2.11, पण दहा लाख पदांनंतर हाती येतात 2.04 च्या आसपास. नुसते आकडे बघून या दोघींतला फरक ओळखणं अवघडच.

कसोटीला धरायचंच असेल तर "घटती" या अटीवर धरा. n हा 2 चा घात असेल तेव्हा पद 1/n, एरवी शून्य, अशी श्रेणी घ्या. तिची बेरीज सरळ 2 येते, पण कसोटीत 2^k व्या पदाला 2^k ने गुणलं की प्रत्येक k साठी 1 मिळत राहतो आणि निकाल अपसारी लागतो. 1/(n ln n) मात्र n = 2 पासून सतत घटतं.