मिडपॉइंट पद्धतीतला तो एक h: एका प्रतिक्रियेला उत्तर

डिफरन्शियल समीकरण h लांबीच्या स्टेपनी सोडवायच्या मिडपॉइंट पद्धतीवर मी या ब्लॉगवर लेख लिहिला होता. त्यावर आलेली प्रतिक्रिया: "एका स्टेपची चूक h³ लिहायची आणि चार ओळींनी 'म्हणून पद्धत h² ची' म्हणायचं. मधला एक h गिळला कुठे? ही सरळ हातचलाखी आहे. k2 च्या ओळीत h/2 च्या जागी h छापलंय, तेही दिसत नाही. मधलाच बिंदू का, टोक का नाही, याचं कारण दिलेलं नाही. आणि RK45 तयार मिळत असताना हे कोण करतं? क्लासवाल्यांनी पाठांतर करून घ्यावं, गणिताच्या वाटेला जाऊ नये."

उत्तर:

नमस्कार. आधी तुमचं जे बरोबर आहे ते. k2 च्या ओळीत चूक माझीच होती, आज सकाळी दुरुस्त केली. ओळी अशा हव्यात:

```
k1 = f(t, y)
k2 = f(t + h/2, y + h/2*k1)
y  = y + h*k2
```

चूक फक्त मजकुरात होती. लेखातल्या तक्त्यातले आकडे बरोबर प्रोग्रामचेच आहेत, ते कुणीही पडताळून पाहावेत.

आता बाकीचं. तुम्ही शंका विचारली असती तर मी दोन ओळींत उत्तर दिलं असतं. तुम्ही 'हातचलाखी' म्हणालात, म्हणजे मी मुलांना फसवतो असं म्हणालात. नौपाड्यातल्या दोन खोल्यांत मी १९ वर्षं इंजिनिअरिंगच्या मुलांना न्यूमरिकल मेथड्स शिकवतोय. पाठांतर करून घेणं फार सोपं असतं हो. तसं केलं असतं तर हा ब्लॉग लिहायची गरजच पडली नसती.

आणि नेमका याच h वरून मी स्वतः मार खाल्लेला आहे. मी विद्यार्थी असताना टर्म टेस्टमध्ये h³ नंतर h² लिहिलं, तर सरांनी त्यावर लाल शाईनं गोल केला आणि दोन मार्क कापले. विचारायला गेलो तर म्हणाले, "पुस्तकात आहे तसं लिहायचं." त्या रात्री कळव्याच्या घरी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो आणि उत्तर स्वतः काढलं. तेच इथे मांडतो.

समीकरण y' = f(t, y). एक स्टेप h पुढे गेल्यावर खरं उत्तर टेलर सिरीजनं असं उलगडतं:

y + h·f + (h²/2)·(f_t + f·f_y) + (h³/6)·y''' + …

कंसातली राशी म्हणजे y''. f स्वतः t बरोबर बदलतो आणि y बरोबरही बदलतो, म्हणून तिच्यात दोन तुकडे आहेत. ऑयलरची पद्धत h·f वर थांबते. आपल्याला पुढचं पद हवंय, पण f_t आणि f_y हातानं काढत बसायचं नाहीये. म्हणून k1 च्या उतारानं अर्धी स्टेप चालून जायचं आणि तिथे f पुन्हा मोजायचा. तो k2. त्याचीही सिरीज उलगडली की मिळतं f + (h/2)(f_t + f·f_y), आणि पुढे h² ची पदं. याला h नं गुणलं की h·f जुळलं, (h²/2) चं पदही जुळलं. पहिला फरक पडतो तो h³ च्या पदात.

तिथे पडण्याचं एक कारणही सांगतो. खऱ्या y''' मध्ये f_y·(f_t + f·f_y) असा एक तुकडा असतो. तो येण्यासाठी मधल्या बिंदूवरचा y सुद्धा h² पर्यंत बरोबर लागतो. आपण तिथे साध्या ऑयलरनं पोचलोय, त्यामुळे तो तुकडा k2 मध्ये येतच नाही.

आता तुमचा h. y' = y, y(0) = 1 घ्या आणि t = 1 पर्यंत चला. खरं उत्तर e, म्हणजे २.७१८२८२. मिडपॉइंटची एक स्टेप y ला 1 + h + h²/2 नं गुणते. खरा गुणक e^h. म्हणजे दर स्टेपला साधारण (h³/6)·y इतकं कमी पडतं.

ही कमतरता जिथे झाली तिथेच राहत नाही. t ला राहिलेली तूट पुढच्या प्रवासात e^(1−t) पट वाढते, कारण समीकरणच वाढीचं आहे. आणि t ला y असतो e^t. दोन्हींचा गुणाकार e. म्हणजे पहिली स्टेप असो वा शेवटची, प्रत्येकीमुळे t = 1 ला पोचणारी तूट जवळपास सारखीच: e·h³/6. अशा स्टेप किती? 1/h. एकूण तूट e·h²/6. एक h स्टेपच्या संख्येनं नेला. गिळला कुणीही नाही.

h = ०.१ ला हा हिशोब ०.००४५३ सांगतो. प्रत्यक्षात १.१०५ चा दहावा घात येतो २.७१४०८१, म्हणजे चूक ०.००४२०. h = ०.०५ ला हिशोब ०.००११३, प्रत्यक्ष ०.००१०९. h = ०.०२५ ला हिशोब ०.०००२८३, प्रत्यक्ष ०.०००२७८. स्टेप निम्मी केली की चूक पाव होते, आणि स्टेप बारीक होत जाते तसतसे हिशोब आणि प्रत्यक्ष एकमेकांच्या जवळ येतात. त्या रात्री कळव्याला पहाटेपर्यंत मी हेच आकडे एकाखाली एक लिहीत होतो. दुसऱ्या समीकरणात e ऐवजी दुसरा आकडा येईल, पण तूट किती पट वाढते याला h वर न अवलंबणारी मर्यादा असते. अट एवढीच की f पुरेसा गुळगुळीत हवा.

ही अट मोडली की काय होतं, तेही मुलांना दाखवतो. सोसायटीच्या टाकीचं गणित घ्या: पाणी सतत वापरात आहे आणि मध्येच पंप सुरू झाला. तो क्षण एखाद्या स्टेपच्या पोटात आला तर f तिथे उडी मारतो, टेलर सिरीज त्या उडीवरून जातच नाही, आणि त्या एका स्टेपची चूक h च्या प्रमाणात उरते. बाकीच्या सगळ्या स्टेप कितीही चोख असल्या तरी ४ चं गुणोत्तर गेलं. उपाय साधा आहे: पंप सुरू होतो त्याच क्षणी एक स्टेप संपवायची आणि तिथून नवी सुरू करायची.

तुम्ही पकडलेली छपाईची चूकही स्टेप निम्मी करून पाहायची हीच कसोटी पकडते. h/2 च्या जागी दोन्हीकडे h ठेवला तर स्टेपचा गुणक 1 + h + h² होतो, म्हणजे h² चं पद दुप्पट. h = ०.१ ला उत्तर येतं २.८३९४२१, चूक ०.१२११. ऑयलरची चूक ०.१२४५, म्हणजे जवळपास तेवढीच, फक्त विरुद्ध दिशेला. स्टेप निम्मी केली तर चूक ०.०६४३, पाव नाही, निम्मीच. प्रोग्राम बिनतक्रार चालतो, आलेखही ठीकठाक दिसतो, पण गुणोत्तर ४ च्या ऐवजी २ कडे जातं. तुम्ही नुसती ओळ पाहून बोट ठेवलंत. हे दोन आकडे काढून पाहिले असते तर h³ आणि h² मधला फरकही तुम्हाला तिथेच दिसला असता.

मधलाच बिंदू का? सक्ती नाही. k1 आणि k2 ची वजनं a आणि b, दुसरा बिंदू αh वर धरला, तर अटी दोनच: a + b = 1 आणि bα = 1/2. अज्ञात तीन. टोक घेतलं तर वजनं निम्मी-निम्मी, ती ह्यून यांची पद्धत. मध्य घेतला तर k1 चं वजन शून्य, ती ही, रुंगे यांनी १८९५ मध्ये मांडलेली. लेखात हे लिहिलं नाही, कारण लेख मिडपॉइंटवर होता.

RK45 बद्दल वाद घालत नाही. वापरा. तीही टेलर सिरीजची पदं जुळवूनच बांधलेली आहे.

k2 ची ओळ मी दुरुस्त केली, तसं लेखात खाली लिहिलंही आहे. 'हातचलाखी' हा शब्द आता तुम्ही मागे घ्यावा, एवढी अपेक्षा ठेवतो.