चंद्र रिकामा असताना सह्या: फिरत असलेल्या एका तक्त्याला उत्तर

फिरता संदेश: "चंद्र व्हॉइड ऑफ कोर्स, म्हणजे रिकामा असताना सही केलेला करार कधीच तडीस जात नाही. परदेशातले जाणकार हे पाहूनच सही करतात. सोबत महिन्याचा तक्ता आहे, केळीचे सौदे, भागीदारी, खरेदीखत या वेळा टाळूनच करा."

रावेर, यावल, चोपडा या भागांत हा तक्ता गांभीर्याने घेतला जातो आहे, म्हणून आधी त्यातल्या घड्याळाकडे पाहू. असे तक्ते बहुधा न्यूयॉर्कच्या वेळेत छापलेले असतात, आणि आपली वेळ तिच्यापुढे उन्हाळ्यात साडेनऊ, तर हिवाळ्यात साडेदहा तास असते. समजा, तक्त्यात २५ जूनच्या रात्री ११ ते १ हा रिकामा काळ दिला आहे. रावेरमध्ये तोच काळ २६ जूनला सकाळी साडेआठ ते साडेदहा येतो. ज्याने आकडे जसेच्या तसे उतरवले, तो रात्रीची वेळ टाळतो आणि सकाळी दहाला नेमका त्याच काळात सही करून मोकळा होतो.

आता त्या दोन तासांचे गणित पाहू. पाश्चात्त्य पद्धत सायन राशी मानते. चंद्राने एका राशीतला शेवटचा योग, मग तो युती, लाभ, केंद्र, नवपंचम किंवा प्रतियोग असो, पूर्ण केला की पुढच्या राशीत जाईपर्यंत तो रिकामा समजतात. आपल्या उदाहरणात चंद्र सायन मिथुनेत आहे, शनी मीनेच्या २२ अंशांवर आणि नेपच्यून मीनेच्या २९ अंशांवर आहे. बाकीच्या ग्रहांशी होणारे योग आधीच आटोपले आहेत. चंद्र तासाला अर्ध्या अंशाहून किंचित जास्त चालतो. नेपच्यून धरला, तर शेवटचा योग २९ अंशांवर होतो आणि एक अंश, म्हणजे जेमतेम दोन तास उरतात. पण नेपच्यूनचा शोध १८४६ चा आहे. इंग्रज ज्योतिषी विल्यम लिलीने १६४७ मध्ये आपला ग्रंथ छापला तेव्हा तो कोणाच्याच गणितात नव्हता, आणि लिलीच्या रीतीने पाहिल्यास चंद्र शनीचा केंद्रयोग सोडल्यापासून, म्हणजे आदल्या रात्री आठपासूनच रिकामा ठरतो. त्याहून जुन्या ग्रीक व्याख्येत राशीची हद्द नसते. चंद्रापुढच्या ३० अंशांत एकही योग पूर्ण होत नसेल तरच तो रिकामा. इथे सूर्य कर्केच्या ५ अंशांवर समोरच आहे, त्यामुळे त्या व्याख्येने चंद्र रिकामा नाहीच. एका सहीला दोन तास, साडेचौदा तास आणि शून्य, अशी तीन उत्तरे मिळतात. संदेशातले "कधीच" यांतल्या कोणत्या उत्तरावर उभे आहे, हे तक्ता सांगत नाही.

माझ्या मते त्याहून मोठी चूक पुढे आहे. तक्ता साडेदहानंतरची वेळ मोकळी दाखवतो, पण तेव्हा चंद्र कर्केच्या आरंभी, सूर्यापासून केवळ ५ अंशांवर, म्हणजे अमावास्येच्या तोंडाशी असतो. पहिल्या शतकातल्या डोरोथियस या ग्रीक ज्योतिष्यापासून मुहूर्त सांगणारे ग्रंथकार सूर्यकिरणांत बुडालेला चंद्र हा ठळक दोष मानतात, आणि लिलीच्या हिशेबाने साडेआठ अंशांच्या आतला ग्रह अस्तंगत होतो. त्या विद्येचा खरा अभ्यासक त्या सकाळी अकरा वाजता सही करायला सांगणार नाही. शिवाय तो लग्न आणि लग्नेश, समोरच्या पक्षाचे सप्तमस्थान, कागदपत्रांचा कारक बुध हे सगळे पाहील. लिलीनेही वृषभ, कर्क, धनू आणि मीन या राशींत रिकामा चंद्र काही प्रमाणात काम करतो, असे नमूद केले आहे.

हा तक्ता आपल्या पंचांगाशी जोडून पाहणाऱ्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की, तक्त्यातल्या सायन आणि पंचांगातल्या निरयन राशींत सुमारे २४ अंशांचा फरक आहे. चंद्र सायन कर्केत गेल्यावर निरयन कर्केत शिरायला आणखी सुमारे ४४ तास लागतात.

राहिला प्रश्न, सही कोणती? बागेत बोली होऊन भाव ठरतो तो एक क्षण, सौदापावतीवरची सही दुसरा, आणि जमिनीचे खरेदीखत असेल तर दुय्यम निबंधकाकडची नोंदणी तिसरा. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार दस्त निष्पादनापासून, म्हणजे सही झाल्यापासून, चार महिन्यांत नोंदणीसाठी सादर करता येतो, आणि नोंदला गेल्यावर त्याचा अंमल नोंदणीच्या वेळेपासून नव्हे, तर तो नोंदणीविना जेव्हापासून लागू झाला असता तेव्हापासून धरतात. मुहूर्त पाहून नोंदणीची वेळ घेणाऱ्याने मूळ सही आधीच दुसऱ्या चंद्रावर केलेली असते. केळीला तर तेवढाही अवकाश नसतो; घड तयार झाला की कटाई लांबवता येत नाही, आणि सौदा एक दिवस पुढे ढकलला तर भाव त्या दिवसाचा मिळतो.

बुडालेल्या सौद्याची वेळ मागाहून काढून त्यावर चंद्र बसवणे हा पुरावा नव्हे. पुरावा हवा असेल, तर एकाच जिनिंगचे किंवा एकाच व्यापाऱ्याचे वर्षभराचे सगळे करार सहीच्या वेळेसह घ्यावेत, व्याख्या आधी ठरवून लिहून ठेवावी, आणि निभावलेल्या व मोडलेल्या करारांत रिकाम्या चंद्राचे प्रमाण निरनिराळे मोजावे. ते प्रमाण सारखेच निघाले, तर चंद्राचा सौद्यावर परिणाम दिसत नाही असे म्हणावे लागेल. आणि या संदेशासोबत असा एकही हिशेब जोडलेला नाही.