रविवारच्या एका आकड्यावर विसंबू नका

"वजन रोज करू नका. रोजचा आकडा पाण्याचा असतो, चरबीचा नाही. रविवारी एकदा काट्यावर उभे राहा, तेवढं पुरे. सरासरी-बिरासरी एक्सेलवाल्यांसाठी."

वजनाबद्दल असा सल्ला बरेचदा ऐकू येतो. रोजच्या आकड्यात पाणी असतं, हे खरं. रात्री जेवण खारट झालं किंवा पोट साफ झालं नाही, की सकाळी काटा अर्धा-एक किलो वर जातो. पण ते पाणी रविवारीही असतंच. आणि आठवड्याचा एकच आकडा हाताशी असेल, तर तो पाण्याने फुगलाय की नाही, हे ताडून कशाशी बघणार?

एक उदाहरण घेऊ. सोमवार ते रविवार, पहिला आठवडा: 78.4, 78.1, 78.6, 77.9, 78.2, 78.8, 78.5. दुसरा: 78.3, 77.8, 78.0, 77.7, 77.6, 78.1, 78.6. फक्त रविवारी वजन करणाऱ्याला 100 ग्रॅम वाढ दिसेल आणि तो खट्टू होईल. फक्त बुधवारी करणाऱ्याला 600 ग्रॅम घट दिसेल. माणूस तोच, पंधरवडाही तोच. रोज वजन करून काढलेली सात दिवसांची सरासरी मात्र 78.36 वरून 78.01 वर आली, म्हणजे घट साधारण 350 ग्रॅमची. सातच दिवस घ्यायचे, कारण मग प्रत्येक वार सरासरीत एकदाच येतो आणि सुट्टीच्या दिवशीचं जास्तीचं जेवण दर वेळी सारखंच मोजलं जातं.

राहिलं एक्सेल. पहिल्या ओळीत मथळे लिहा आणि दुसऱ्या ओळीत सोमवारपासून सुरुवात करा: A मध्ये तारीख, B मध्ये वजन, C मध्ये सरासरी, D मध्ये सवय: चाललो तर 1, नाही तर 0. सातव्या दिवशी C8 मध्ये हे लिहा आणि खाली ओढा:

```
=AVERAGE(B2:B8)
```

एखाद्या दिवशी वजन करायचं राहिलं तर B मधली त्या दिवशीची चौकट रिकामीच सोडा. तिथे 0 टाकलात तर तो सरासरीत धरला जातो आणि वजन एका दिवसात दहा-अकरा किलोंनी उतरल्यासारखं दिसतं. नवख्यांचं सगळ्यात जास्त इथेच फसतं. दर रविवारी तीनच गोष्टी टिपा: त्या दिवशीची सरासरी, मागच्या रविवारच्या सरासरीशी फरक, आणि त्या आठवड्यातले चालण्याचे दिवस, म्हणजे पहिल्या आठवड्यासाठी `=SUM(D2:D8)`, दुसऱ्यासाठी `=SUM(D9:D15)`, असं पुढे. आलेखात रोजचं वजन फिकट ठिपक्यांनी आणि सरासरी ठळक रेषेने दाखवा. उभा अक्ष 0 पासून नको, इथे 76 ते 80 ठेवा. नाहीतर रेषा सपाटच दिसेल.

सरासरी साधारण तीन दिवस मागून चालते, त्यामुळे कालचा बदल तिच्यात आज शोधू नका. पाळीच्या आधी पाणी साठून ती काही दिवस वर राहू शकते. अशा वेळी मागच्या आठवड्याशी नव्हे, मागच्या चक्रातल्या त्याच दिवसांशी तुलना करावी. आणि ज्यांना खाण्याशी निगडित मानसिक आजार आहे किंवा आकडा बघून जेवण टाळावंसं वाटतं, त्यांनी रोज वजन करू नये. एवढ्यापुरता तो सल्ला मला मान्य आहे.