पासबुकातले २९५ रुपये नेमके कशाचे?

पासबुकात १७.७०, २७.१४, २९५ अशी आडमुठी रक्कम वजा झालेली दिसली, तर आधी तिला १.१८ ने भागा. १५, २३, २५० असा सरळ आकडा आला की बहुतेक वेळा तो बँकेचाच चार्ज असतो, कारण बँकेच्या सेवाशुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. १५ हे बऱ्याचदा एसएमएसचे तिमाही शुल्क असते. २३ म्हणजे मोफत मर्यादा संपल्यावर एटीएममधून पैसे काढल्याचे. मे-जूनच्या सुमारास गेलेले २० किंवा ४३६ मात्र असे भागले जात नाहीत. ते `PMSBY` आणि `PMJJBY` या सरकारी विमा योजनांचे वार्षिक हप्ते आहेत, आणि ते नको असतील तर शाखेत लिहून देऊन बंद करता येतात.

मी बँकेच्या काउंटरवर बसलेला माणूस. त्यामुळे ओळखीतले लोक पासबुकाचे स्क्रीनशॉट पाठवतात. (खाते नंबर झाकून पाठवत जा, ही कळकळीची विनंती.) शेजारच्या काकूंनी विचारलं, "अरे, माझ्या खात्यातून कोण पैसे काढतंय?" त्यांच्या नोंदी साधारण अशा होत्या:

```
06-06 NACH RTN CHG 0506    180.00 DR
10-06 APBS CR             1500.00 CR
10-06 NACH RTN CHG 0506    115.00 DR
13-06 NACH RTN CHG 1206    295.00 DR
```

कोणी चोरी केली नव्हती. काकूंनी हप्त्यावर फ्रिज घेतला होता आणि दर महिन्याच्या ५ तारखेला १८५० रुपये आपोआप वळते करायची परवानगी दिली होती. `NACH` ही ती यंत्रणा. ५ जूनला खात्यात १८०च होते, हप्ता परत गेला. `RTN` म्हणजे तो परतावा, आणि पुढचे `0506` ही परत गेल्याची तारीख. चार्ज २५० अधिक जीएसटी ४५, म्हणजे २९५. खात्यात होते तेवढे १८० बँकेने लगेच घेतले, राहिलेले ११५ थकीत ठेवले आणि १० तारखेला सरकारी योजनेचे पैसे जमा होताच कापून घेतले. १८० आणि ११५ वेगवेगळे १.१८ ने भागाल तर काहीच हाती लागणार नाही, बेरीज करून भागा. अशी थकबाकी असली की शिल्लक दिसते, पण पूर्ण काढता येत नाही.

खरा घाव शेवटच्या ओळीत आहे. कर्ज देणाऱ्या कंपनीने १२ तारखेला तोच हप्ता पुन्हा पाठवला. खात्यात १३८५ होते, तो परत गेला, पुन्हा २९५. हप्ता फिटला नाही तो नाहीच, आणि ५९० रुपये गेले. कंपनीचा दंड वेगळा, तो कर्जाच्या खात्यात लागतो, पासबुकात दिसतही नाही. यावर उपाय बँकेकडे नसून कंपनीकडे आहे. हप्त्याची तारीख पैसे जमा होण्याच्या तारखेनंतरची मागून घ्यायची, आणि रक्कम आदल्या संध्याकाळीच खात्यात ठेवायची, कारण वसुली सकाळीच लागते.

यूपीआयचे पैसे कापले गेले पण समोरच्याला पोचले नाहीत, तर परत आलेली ओळ नावावरून शोधू नका. `UPI/DR/515612345678` यातला बारा अंकी नंबर बघा. पहिला ५ म्हणजे २०२५, पुढचे १५६ म्हणजे वर्षाचा १५६वा दिवस, ५ जून. हाच नंबर `CR` किंवा `REV` ओळीत सापडला की हिशेब मिटला. सापडला नाही, तर रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९चा नियम आहे: व्यक्तीला पाठवलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला दिलेले किंवा एटीएममधून न निघालेले पाच दिवसांत आपोआप परत आले पाहिजेत. त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही न मागता.

मला राग येतो तो या अगम्य नोंदींचा. रिझर्व्ह बँकेने जून २०१७ मध्येच बँकांना कळवलंय की पासबुकात न समजणाऱ्या नोंदी टाळा, चार्ज कशाचा आणि का ते थोडक्यात लिहा, चुकून जमा झालेली रक्कम उलटवली तर मूळ नोंदीची तारीख द्या. फ्रिजच्या हप्त्यासाठी `NACH RTN CHG` वाचून काकूंना काय कळणार? "५ तारखेचा हप्ता परत गेल्याचा दंड" एवढं छापायला जागा पुरते.

म्हणून शाखेत तोंडी विचारू नका. नोंदीची तारीख, रक्कम आणि छापलेली अक्षरं जशीच्या तशी लिहून अर्ज द्या, "शुल्काचे स्वरूप व कारण लेखी कळवावे" एवढं एक वाक्य घाला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर `cms.rbi.org.in` वर लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला फी नाही, आणि शिक्क्याची तीच प्रत तिथे जोडायची.